उणे तीन बिटांत कसे लिहायचे?

संगणकाच्या स्मृतीत शून्य आणि एक यांखेरीज काहीच नसते. उणे चिन्हही त्यांतूनच घडवावे लागते. चार बिटांच्या सोळा रचना होतात. त्या कोणत्या संख्यांना वाटून द्यायच्या, यावर बेरजेचे सर्किट किती सोपे होईल हे ठरते. ५ आणि −३ यांची बेरीज करून पाहिली की फरक उघड होतो.

कागदावरच्या सवयीला सर्वांत जवळची पद्धत म्हणजे चिन्ह-परिमाण. डावीकडचा बिट चिन्हाचा आणि उरलेले तीन आकड्याचे. ५ म्हणजे ०१०१ आणि −३ म्हणजे १०११. या दोन रचना सरळ मिळवून चार बिटांबाहेरचा हातचा सोडला, तर उत्तर ०००० येते, म्हणजे चक्क चूक. म्हणून सर्किटला आधी चिन्हे पाहावी लागतात. ती वेगळी असली तर मोठ्या आकड्यातून लहान वजा करून मोठ्याचे चिन्ह लावावे लागते. शिवाय ०००० आणि १००० अशी शून्ये दोन, त्यामुळे पल्ला −७ ते +७ एवढाच.

वन्स कॉम्प्लिमेंटमध्ये ऋण संख्येसाठी सगळे बिट उलटवतात. −३ होतो ११००. त्यात ०१०१ मिळवले की ०००१ आणि बाहेर पडलेला हातचा १. तो टाकायचा नाही, उजवीकडून पुन्हा मिळवायचा. मग ००१०, म्हणजे २, हे बरोबर उत्तर मिळते. तुलना करण्याचा खटाटोप वाचला, पण हातच्याचा फेरा वाढला. शून्ये इथेही दोन, ०००० आणि ११११, आणि पल्ला तोच. सीडीसी ६६०० हा गाजलेला संगणक याच पद्धतीने चाले.

टूज कॉम्प्लिमेंटने तो फेरा आधीच उरकून टाकला: बिट उलटवताना लगेच १ मिळवायचा. −३ होतो ११०१. त्यात ०१०१ मिळवले की ००१० येते आणि हातचा सरळ टाकून देता येतो. धन असो वा ऋण, साधे बेरजेचे सर्किट पुरते. वजाबाकीलाही तेच चालते. दुसऱ्या संख्येचे बिट उलटवून सुरुवातीचा हातचा १ दिला की झाले. शून्य एकच, म्हणून वाचलेली रचना −८ ला मिळते. खोच मात्र तिथेच आहे: १००० उलटवून १ मिळवला तर पुन्हा १०००च येते, कारण +८ ला जागाच नाही. तसेच ५ + ४ केले तर १००१, म्हणजे −७ निघतो. दोन धन संख्यांची बेरीज ऋण आली, हीच पल्ला ओलांडल्याची खूण.

एक्सेस पद्धतीत प्रत्येक संख्येत ठरावीक भर घालतात. भर ८ असेल तर −८ म्हणजे ००००, शून्य म्हणजे १००० आणि +७ म्हणजे ११११. पल्ला −८ ते +७, शून्य एक. पण बेरजेत भर दोनदा येते, ती एकदा वजा करावी लागते: १३ + ५ − ८ = १०, म्हणजे १०१०, अर्थात २. बदल्यात लहानमोठेपणाचा क्रम रचनेतच दिसतो. म्हणूनच आयईईई ७५४ या मानकात दशांशी संख्यांचा घातांक ३२ बिटांच्या रूपात १२७ ची भर घालून ठेवतात. त्याच संख्येचे चिन्ह मात्र जुन्या चिन्ह-परिमाण पद्धतीने वेगळ्या बिटात राहते.