नव्वद टक्के, पण कितींपैकी?

'९० टक्के विद्यार्थ्यांना नोकरी!' रेझ्युमे लिहून देणाऱ्या आणि मुलाखतीचा सराव घेणाऱ्या वर्गाची अशी पाटी दिसली, की नव्या पदवीधराने आधी विचारावं: कितींपैकी?

समजा, ४० जणांनी फी भरली, २० जणांनी सराव पूर्ण केला आणि त्यांतल्या १८ जणांना नोकरी लागली. पाटी खोटी नाही. पण फी भरणाऱ्यांच्या हिशेबात आकडा ४५ टक्क्यांवर येतो. गळालेल्यांना पाटीवर जागा नसते, एवढंच.

प्रशिक्षकाचं काम खरं दिसतं ते मुलाखतीच्या बोलावण्यांत. आधीच्या ३० अर्जांना एक बोलावणं, सुधारित रेझ्युमेनंतर तेवढ्याच, तशाच अर्जांना चार, अशी नोंद दाखवायला सांगावी.

फीसुद्धा कामानुसार वेगळी मागावी: रेझ्युमे आणि त्याच्या दोन दुरुस्त्या एकीकडे, तासाभराची सराव मुलाखत दुसरीकडे. 'हमखास नोकरी'साठी एकरकमी पैसे मागितले, तर परताव्याची अट लेखी घ्यावी.