ताप उतरला, पण औषध घेऊन की आपोआप?

शाळेच्या दिवशी सकाळी अनेक घरांत हे घडतं. मुलाला तीन दिवस फ्लूचा ताप होता. आज सहा वाजता उठवलं तेव्हा अंग जरा कोमट लागलं, म्हणून पॅरासिटामॉलचं सिरप दिलं. साडेसहाला काखेत थर्मामीटर लावलं तर पारा खाली आलेला. डबा भरला, दप्तर दिलं, मूल रिक्षात बसलं. साडेदहा-अकराच्या सुमारास शाळेतून फोन येतो की त्याला पुन्हा ताप भरलाय, घेऊन जा. तोपर्यंत ते मूल बाकावरच्या जोडीदारासोबत चार तास बसलेलं असतं.

आईवडिलांचा हेतू वाईट नसतो. ताप नाही हे त्यांनी स्वतः मोजून पाहिलेलं असतं. तो आकडा मात्र औषधाचा असतो, शरीराचा नसतो. पॅरासिटामॉल विषाणूला काहीच करत नाही. मेंदू शरीराचं तापमान जिथे राखतो, ती पातळी ते चार ते सहा तासांपुरती खाली आणतं. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड या तापावरच्या इतर औषधांचंही तेच, फक्त त्यांचा परिणाम थोडा जास्त वेळ टिकू शकतो. त्या काही तासांत मूल हसतं, खेळतं, खायला मागतं. नाकाघशात विषाणू मात्र आधी जितका होता तितकाच असतो.

म्हणून शाळेत किंवा कामावर कधी जायचं यासाठी जगभर जी कसोटी वापरली जाते, तिचा महत्त्वाचा अर्धा भाग आपल्याकडे नेहमी गळतो. कसोटी अशी आहे: तापाचं कोणतंही औषध न घेता सलग २४ तास ताप आलेला नसावा, आणि एकूण तब्येतही सुधारत असावी. ‘२४ तास ताप नाही’ एवढं लोकांच्या लक्षात राहतं, ‘औषध न घेता’ राहत नाही. मोठ्या माणसांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या सर्दी-खोकल्याच्या बहुतेक मिश्र गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच. माणूस म्हणतो, ‘तापाची गोळी कालच बंद केली, आता फक्त सर्दीची चालू आहे,’ आणि ताप खरा गेला की दबला हे त्याला कळत नाही. गोळीच्या पाकिटामागची बारीक अक्षरं एकदा वाचायलाच हवीत.

२४ तासच का, हे समजायला विषाणूचं वेळापत्रक पाहावं लागतं. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुधा दोन. नाकाघशातून तो बाहेर पडायला मात्र लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीच सुरुवात होते. निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम फ्लूचा विषाणू सोडून केलेल्या ५६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की लागण झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो, आणि हे बाहेर पडणं सरासरी पावणेपाच दिवस चालतं. लागण झालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना तर काही लक्षणंच दिसली नाहीत.

घरच्या भाषेत सांगायचं तर, कसकस सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून पुढचे पाच ते सात दिवस माणूस फ्लू पसरवू शकतो. हे सगळे दिवस मात्र सारखे नसतात. पहिले तीन-चार दिवस सर्वांत धोक्याचे, कारण ताप जोरात असतो तेव्हाच विषाणूही जोरात असतो. ताप आपोआप उतरला याचा अर्थ शरीराने विषाणूवर बराच ताबा मिळवला असा होतो, तो पूर्ण संपला असा होत नाही. त्यामुळे ही कसोटी म्हणजे एक तडजोड आहे. सगळ्यांना आठवडाभर घरी बसवणं शक्य नसतं, म्हणून सर्वाधिक संसर्गाचे दिवस तरी घरात काढावेत, इतकाच तिचा दावा आहे.

एक उदाहरण दिवस-वाराने पाहू. समजा, चौथीतल्या एका मुलीला सोमवारी संध्याकाळी एकाएकी थंडी वाजून १०२ ताप भरला, पाय दुखायला लागले, कोरडा खोकला सुरू झाला. इथून पहिला दिवस मोजायचा नाही. सोमवार हा शून्य दिवस, मंगळवार पहिला. लागण बहुधा शनिवारी झाली असणार. रविवारी संध्याकाळी ती सोसायटीतल्या मुलांबरोबर खेळली, तेव्हाही तिच्याकडून थोडा विषाणू पसरला असू शकतो. त्याला कुणाचाच इलाज नव्हता.

मंगळवार आणि बुधवार सर्वांत वाईट गेले. दर सहा तासांनी सिरप, मधल्या वेळेत घाम येऊन ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. ‘घाम आला, ताप गेला’ असं आजी म्हणते तेव्हा बहुधा औषधाचा परिणाम दिसत असतो. गुरुवारी दिवसभर ताप १०० च्या आसपास राहिला. रात्री आठला झोपण्यापूर्वी १००.६ होता, म्हणून शेवटचा डोस दिला. त्या डोसाचा परिणाम रात्री दोनपर्यंत धरायचा. शुक्रवारी सकाळी सातला काखेत ९८.२ आला, औषध दिलं नाही. दुपारी आणि संध्याकाळी पुन्हा मोजला, वाढला नाही. शनिवारी सकाळी सातला पुन्हा मोजला. ताप नव्हता, मूल भूक लागली म्हणत होतं. २४ तास इथे पूर्ण झाले. गुरुवारी रात्री आठपासून मोजणी केली असती तर ती चुकीची ठरली असती, कारण त्यातले पहिले सहा तास औषधाचे होते.

शनिवार अर्धा दिवस होता, मूल थकलेलंही होतं, म्हणून तिला सोमवारी, सातव्या दिवशी, शाळेत पाठवलं. पाच शाळेचे दिवस बुडाले. तेच तिला गुरुवारी सिरप देऊन पाठवलं असतं तर ती तिसऱ्या दिवशी, ताप चालू असताना, वर्गात बसली असती.

काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंशाने कमी दिसतं, म्हणून काखेत ९९ च्या वर गेलं तरी ‘ताप नाही’ म्हणू नये. हात कपाळाला लावून केलेला अंदाज तर मुळीच धरू नये.

शाळेत परतल्यावरही पुढचे पाच दिवस काळजी घ्यायची असते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मार्च २०२४ मध्ये श्वसनाच्या आजारांसाठी नियम एकत्र केले, त्यात हे पाच दिवस स्पष्ट सांगितले आहेत. आपल्या शाळांत त्याचा अर्थ असा, की मास्क लावावा, पाण्याची बाटली आणि डबा कुणाबरोबर वाटून घेऊ नये, आणि जमलं तर खिडकीजवळ बसवावं. लहान मुलांच्या बाबतीत हे जास्त गरजेचं आहे. त्यांच्या शरीराला या विषाणूंची ओळख कमी असते, त्यामुळे काही मुलांमधून तो दहा दिवस किंवा त्याहूनही जास्त काळ बाहेर पडत राहतो.

खोकल्याने मात्र घाबरून जाऊ नये. फ्लूचा खोकला दोन आठवडे किंवा जास्तही रेंगाळतो. विषाणू गेल्यावरही श्वासनलिकेचं अस्तर भरून यायला वेळ लागतो, आणि तोवर ते हुळहुळत राहतं. ‘खोकला पूर्ण थांबेपर्यंत शाळेत आणू नका’ असं काही शाळा म्हणतात, ते मला पटत नाही. आठवड्याभरानंतरच्या कोरड्या खोकल्यापेक्षा दुसऱ्या दिवशी दबवलेला ताप कितीतरी जास्त लोकांना आजारी पाडतो. त्याच कारणाने पूर्ण उपस्थितीचं बक्षीस देण्याची पद्धतही बंद व्हावी असं मला वाटतं. मूल आजारी असताना ते मिळवण्यासाठी धडपडतं, आणि पालक सिरपची बाटली उघडतात.

आता त्या मुलीच्या घराकडे पुन्हा पाहू. गुरुवारी तिच्या वडिलांना अंगदुखी सुरू झाली. एका रुग्णाची लक्षणं दिसल्यापासून घरातल्या दुसऱ्याला दिसेपर्यंत बहुधा दोन ते चार दिवस जातात, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. वडिलांचं वेळापत्रक मात्र मुलीच्या दिवसांवरून मोजायचं नाही. त्यांचा शून्य दिवस गुरुवार. काही प्रौढांना फ्लूमध्ये ताप येतच नाही, फक्त घसा, अंगदुखी आणि थकवा असतो, तेव्हा २४ तासांची कसोटी लावायला काही उरत नाही. अशा वेळी लक्षणं सुरू झाल्यापासून चार-पाच दिवस कामावर न जाणं हाच सरळ उपाय.

इथे एक अडचण आहे जी नियमांच्या कागदावर दिसत नाही. घरकाम करणाऱ्या ताईंना, रोजंदारीवरच्या मजुराला, वडापावच्या गाडीवरच्या मुलाला पाच दिवसांची पगारी रजा कोण देणार? अशा माणसाला तीनच दिवस घरी राहता येत असेल, तर ते लक्षणं सुरू झाल्यानंतरचे पहिले तीन असू द्यावेत. अनेकजण उलटं करतात. पहिले दोन दिवस गोळी खाऊन काम करतात आणि अगदीच अंथरुणाला खिळले की रजा घेतात, म्हणजे सर्वांत जास्त पसरवण्याचे दिवस कामावर जातात. आणि ज्यांच्या घरी ताई काम करतात त्यांनी ‘ताप आलाय’ असा निरोप आला की पैसे न कापता तीन दिवस सुट्टी द्यावी. त्यांच्या हाताखाली आपलं स्वयंपाकघर आणि आपली लहान मुलं असतात.

ही कसोटी घरातल्या प्रत्येकाला लागू पडत नाही. केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाच्या शरीरातून विषाणू अनेक आठवडे बाहेर पडू शकतो, त्यांनी परतण्याचा दिवस डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. या घरातली आजी मधुमेही आहे. वयस्कर माणसांना फ्लूमध्ये ताप फार चढेलच असं नाही, त्यामुळे तिच्यासाठी थर्मामीटरची वाट पाहायची नाही. तिला खोकला किंवा गळाठा सुरू झाल्याच्या दिवशीच डॉक्टरांकडे न्यायचं, कारण ऑसेल्टामिवीरसारखं फ्लूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं. ते औषध घेणाऱ्यालाही घरी राहण्याचा नियम तोच.

शेवटचा इशारा त्या २४ तासांनंतरचा. कुणाचा ताप दोन-तीन दिवस पूर्ण गेला, माणूस कामावरही जाऊन आला, आणि मग पुन्हा ताप चढला, खोकला वाढला, छातीत दुखू लागलं किंवा धाप लागली, तर तो फ्लूचाच उरलेला भाग समजून गोळी घेऊ नये. फ्लूनंतर जिवाणूंचा न्यूमोनिया असाच येतो. त्याच दिवशी छाती तपासून घ्यावी.