साडेनऊ की साडेदहा?

5 मे 2025 ला स्काइप बंद झालं. नायगावात त्याचं सुतक कुणी पाळलं नाही. मला मात्र ते लागलं, कारण न्यू जर्सीतल्या धाकट्या बहिणीचा चेहरा मी पहिल्यांदा त्यावरच हलताना पाहिला होता.

पत्रांच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पत्र पोचेपर्यंत ताप उतरलेला असायचा. खरा काळ एसटीडी बूथचा. सकाळी सातला शटर वर जायचं, तेव्हा तिच्याकडे उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असत आणि हिवाळ्यात साडेआठ. आई काचेच्या खोक्यात उभी राहून विचारायची, "जेवलीस का गं?" आवाज उपग्रहामार्गे गेला, तर छत्तीस हजार किलोमीटर वर चढून खाली यायचा. प्रश्न तिकडे पोचून उत्तर परत यायला अर्धा सेकंद जास्त लागे. तेवढ्यात आईला वाटे, पोरीला ऐकू आलं नाही. ती पुन्हा विचारी, त्याच वेळी उत्तर येई, मग दोघीही गप्प. मीटर तेवढं गप्प बसत नसे. आणि बूथवाला! शेवटचं "ठेवते" म्हणताना उलटलेला आकडाही तो सोडायचा नाही.

1 एप्रिल 2002 ला विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली, दर उतरले, पुढे कार्डं आली. मग व्हिडिओ आला. भारनियमनाच्या दिवसांत तोही अर्ध्यावर विझायचा.

आता बोलणं फुकट झालंय आणि बोलतच कुणी नाही. मी जेवून आडवा होतो तेव्हा बहिणीचं "शुभ सकाळ" येतं, खाली फुलं. मी सकाळी फुलं पाठवतो तेव्हा ती झोपायच्या तयारीत असते.

2024 ची भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारी होती. आदल्या दिवशी ठरलं की तिने तिच्या सकाळी नऊला ओवाळायचं. साडेनऊ तास मिळवून मी संध्याकाळी साडेसहाला पाटावर बसलो. फोन आला साडेसातला. "दादा, मी तर नऊलाच केला की!" तिचंही खरंच होतं. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ तासभर मागे घेतात, त्यामुळे रात्रीत साडेनऊचे साडेदहा झाले होते. मोबाइलवर दोन्ही गावांची घड्याळं लावून दिली आहेत भाच्याने. पण ती या घडीला किती वाजले एवढंच दाखवतात. उद्या फरक बदलणार आहे हे शनिवारी सांगत नाहीत.

2025 ची भाऊबीज 23 ऑक्टोबरला होती आणि तिकडची घड्याळं 2 नोव्हेंबरला मागे येणार होती, म्हणजे साडेनऊच धरायचे होते. मी बहिणीला तसं सविस्तर लिहून पाठवलं. उत्तरादाखल झेंडूच्या फुलांचं चित्र आलं.