घरं ‘पडली’ की ‘पाडली’? अग्रलेखांवर टर्म पेपर लिहिताना नेमकं काय तपासायचं?

२०२५ च्या जानेवारी महिन्यात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली अनधिकृत बांधकामं मत्स्यव्यवसाय विभागाने पोलीस बंदोबस्तात पाडली. आता हीच घटना चार प्रकारे लिहून बघा.

विभागाने बांधकामं पाडली.
बांधकामं पाडण्यात आली.
बांधकामं पडली.
बंदरात कारवाई झाली.

चारही वाक्यं मराठीत चालतात. पण पहिल्या वाक्यात पाडणारा दिसतो, दुसऱ्यात तो झाकला जातो. तिसऱ्यात तर कुणी काही केलंच नाही, बांधकामं जणू आपोआप पडली. चौथ्यात बांधकामंही गायब झाली, उरली फक्त ‘कारवाई’.

अशा विषयावरच्या अग्रलेखांचं संभाषित विश्लेषण, म्हणजे डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस, करायला घेतलं की विद्यार्थी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतात. रूपकं, विशेषणं, म्हणी, प्रश्नार्थक वाक्यं, सर्वनामं असं सगळंच तपासायला घेतात आणि पेपरमध्ये प्रत्येकाला जेमतेम एक परिच्छेद मिळतो. त्याऐवजी आधी प्रश्न ठरवावा आणि त्याचं उत्तर भाषेच्या ज्या जागी सापडेल, तेवढीच जागा निवडावी. ‘या कारवाईची जबाबदारी अग्रलेख कुणावर टाकतो?’ असा प्रश्न असेल, तर विशेषणांपेक्षा क्रियापद जास्त बोलतं.

ही कल्पना जुनी आहे. १९७५ मध्ये ऱ्होडेशियातल्या सॅलिसबरीत पोलिसांनी केलेल्या गोळीबाराच्या ब्रिटिश वर्तमानपत्रांतल्या बातम्या टोनी ट्रू या अभ्यासकाने अशाच तपासल्या होत्या. गोळी झाडणारे पोलीस वाक्यात कुठे आहेत, हे तो बघत होता. घोळ होतो तो इंग्रजी पुस्तकातलं ‘पॅसिव्ह व्हॉइस’ मराठीवर जसंच्या तसं बसवताना. मराठीत कर्ता लपवायला कर्मणी प्रयोगच लागतो असं नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे अशा जोड्यांमध्ये एखाद-दुसरा स्वर, कधी सोबत व्यंजन, बदललं की काम होतं.

मग मोजायचं कसं? एकाच घटनेवरचे, शक्यतो दोन वेगवेगळ्या दैनिकांचे चार-सहा अग्रलेख घ्यावेत. त्यात पाडकामाचा उल्लेख असलेलं प्रत्येक वाक्य अधोरेखित करून ते वरच्या चारपैकी कोणत्या खणात बसतं ते लिहावं. नुसती बेरीज मात्र पुरत नाही. एकूण उल्लेखांपैकी कितींमध्ये पाडणारा दिसतो, हे बघायचं. मोठ्या अग्रलेखात उल्लेख जास्त असणारच.

कम्प्युटरवर ‘ने’ शोधून हे काम उरकत नाही. ‘विभाग बांधकामं पाडणार आहे’ यात कर्ता आहे, पण ‘ने’ नाही. ‘मच्छीमारांनी’ यात प्रत्यय ‘नी’ आहे. शिवाय मराठीत कर्ता आधीच्या वाक्यात सांगून पुढे गाळायची सवय आहे. त्यामुळे मागची दोन वाक्यं वाचल्याशिवाय ‘लपवला’ असा शेरा मारू नये.

सगळ्यात मोठा सापळा ‘-ण्यात आली’चा. ही सरकारी परिपत्रकांची आणि वर्तमानपत्रांची रोजची भाषा आहे. हळदीकुंकवाच्या बातमीतही ‘वाण देण्यात आले’च असतं. म्हणून ती सापडली की सरकारला वाचवलं, असं म्हणता येत नाही. त्याच अग्रलेखात दुसऱ्या बाजूच्या कृती कशा लिहिल्यात, ते बघावं. समजा, ‘मच्छीमारांनी शेड बांधल्या’ असं स्पष्ट आहे आणि पुढे ‘शेड हटवण्यात आल्या’ असं आहे, तर हा फरक पेपरमध्ये मांडण्यासारखा आहे. दोन्हीकडे कर्ता झाकलेला असेल, तर ती बहुधा निव्वळ शैली.

पेपरला जागा असेल, तर दुसरं वैशिष्ट्य ‘आम्ही’ आणि ‘आपण’ घ्यावं. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वुई’ आहे. मराठीत ‘आपल्याला बंदर मोकळं हवं’ म्हटलं की वाचकही त्यात ओढला जातो. मग शेड गमावलेला मिरकरवाड्यातला माणूस त्या ‘आपण’मध्ये आहे का, हे पुढच्या वाक्यांतून शोधायचं. फक्त ‘आपण’ हा आदरार्थी ‘तुम्ही’ही असतो, त्यामुळे प्रत्येक ‘आपण’ हाताने तपासावा लागतो.

अग्रलेख इंग्रजी भाषांतरातून तर तपासूच नयेत. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांवर १९०८ मध्ये ‘केसरी’तल्या लेखांसाठी राजद्रोहाचा खटला चालला. आपल्या मराठी शब्दांचं सरकारी भाषांतर चुकीचं आहे, असा वाद त्यांनी कोर्टात घातला होता.

आणि निष्कर्ष लिहिताना ‘संपादकाने विभागाला पाठीशी घातलं’ असं लिहू नये. संपादकाच्या मनात काय होतं, ते क्रियापदावरून कळत नाही. ‘या अग्रलेखात पाडकामाच्या इतक्या उल्लेखांपैकी इतक्यांत विभागाचं नाव आहे, बांधकामाच्या इतक्यांपैकी इतक्यांत मच्छीमारांचं’ हे लिहिता येतं. परीक्षकाने तोंडी परीक्षेत विचारलं, तर अग्रलेखाचं कात्रण पुढे ठेवून दाखवताही येतं.