ओळखीचे दिसणारे शब्द

नरसिंह मेहतांचे ‘वैष्णव जन’ आमच्या भजनी मंडळात दर एकादशीला म्हटले जाते. पंधराव्या शतकातल्या जुनागढच्या या कवीचे पद महाराष्ट्रातही तोंडपाठ असते. ज्या ‘आश्रम भजनावली’त ते आहे, तिचे संकलन करणारे पंडित नारायण मोरेश्वर खरेही मराठीच. मंडळाच्या नव्या पुस्तिकेत या पदाखाली मराठी शब्दार्थ द्यायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी आधी अवघड शब्दांची यादी केली. ती यादीच चुकीची निघाली.

अवघड शब्दापाशी वाचणारा थांबतो आणि खाली अर्थ पाहतो. सोप्या दिसणाऱ्या शब्दापाशी तो थांबतच नाही. म्हणून मी गुजराती छापील पाठ अक्षराला अक्षर देवनागरीत उतरवून घेतला आणि अर्थ न देता मंडळातल्या चौघींना वाचायला दिला. प्रत्येक ओळीचा अर्थ त्यांनी आपल्या शब्दांत सांगायचा होता.

‘थकी’ शब्दापाशी एक काकू म्हणाल्या, “जीभ थकली तरी हा खोटं बोलत नाही.” अर्थ सुंदर होता, पण कवीचा नव्हता. गुजरातीतले ‘थकी’ म्हणजे आपला ‘ने’ किंवा ‘पासून’. थकव्याशी त्याचा काही संबंध नाही. वैष्णव जिभेने असत्य बोलत नाही, एवढेच तिथे म्हटले आहे.

सर्वात मोठी फसगत परक्याच्या धनाच्या ओळीत झाली. तिथे ‘नव’ येते आणि त्याच्या लगेच पुढे ‘झाले’. मराठीत धन नपुंसकलिंगी, त्यामुळे ‘धन झाले’ हे व्याकरणातही चपखल बसते आणि शंका यायला जागाच राहत नाही. चौघींनीही “दुसऱ्याचं धन हाती नवं झालं” असाच काहीसा अर्थ लावला. गुजरातीत ‘झालवुं’ म्हणजे धरणे, पकडणे, आणि इथला ‘नव’ म्हणजे ‘न’. वैष्णव परधनाला हात लावत नाही. मराठी अर्थ थेट उलटा जात होता.

हे ओळखायचे कसे? आजूबाजूची क्रियापदे पाहायची. जाणे, आणे, बोले ही सगळी वर्तमानकाळातली, ‘तो जाणतो, तो आणतो’ अशी. त्या रांगेत एकटाच भूतकाळ कसा येईल? मराठीच्या डोळ्यांनी पाहिले तर ‘झाले’ भूतकाळ आहे. रांगेत बसवून पाहिले की तो ‘बोले’चा भाऊ ठरतो.

खात्रीसाठी शेजारच्या बेनकडे गेले. ‘नव’ म्हणजे काय विचारल्यावर त्या पटकन म्हणाल्या, “नव एटले नऊ.” मी पूर्ण ओळ म्हणून दाखवल्यावर हसल्या, “अरे, आ तो ना पाडे छे!” रोजच्या बोलण्यातला शब्द आणि पदातला शब्द त्यांच्यासाठीही वेगळा होता. ‘भणे’चेही तसेच झाले. आजच्या गुजरातीत ‘भणवुं’ म्हणजे शिकणे, पण नरसिंहांच्या नावाआधी येणारे ‘भणे’ म्हणजे आपल्या अभंगातले ‘म्हणे’. तेव्हापासून एकटा शब्द घेऊन मी कुणालाही अर्थ विचारत नाही, ओळ पुढे ठेवते.

‘ने’ने सर्वात जास्त वेळ घेतला. मराठीत ‘त्याने’ म्हणजे करणारा तो. गुजरातीत ‘तेने’ म्हणजे ‘त्याला’, आणि सुटा ‘ने’ म्हणजे ‘आणि’. वैष्णव कोणाला म्हणावे, असे पद सुरुवातीलाच सांगते. मराठी वाचक मात्र त्याला बोलणारा करून टाकतो. एवढ्याशा प्रत्ययाने कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल होते, म्हणून पुस्तिकेत ‘तेने’चा अर्थ सर्वात वर, ठळक छापला.

शेवटी छोट्या टिपा लिहिल्या. ‘वाच’ म्हणजे वाचा, वाचायची आज्ञा नव्हे. जननीपाशी येणारे ‘धन’ म्हणजे धन्य, तर ‘परधन’मधले खरोखरचे धन. ‘वण’ म्हणजे विना, जखमेचा व्रण नव्हे. ‘एकोतेर’ म्हणजे एकाहत्तर. आपल्याकडे बेचाळीस कुळे उद्धरतात, पण आकडा बदलला नाही, कारण तो कवीचा आहे.

एक शब्द मात्र उलट वागला. ‘ताळी’ शब्द आला की बायका मोठ्या आनंदाने टाळ्या वाजवतात. मी ‘टाळी नव्हे’ असे लिहायला घेतले आणि हात थांबला. इथला अर्थ तल्लीन होणे, आणि ब्रह्मानंदी टाळी लागते हे तर आपणही म्हणतो. तिथे मी एवढेच लिहिले: ताळी, म्हणजे आपली ब्रह्मानंदी लागते ती टाळी.