फाइव्ह स्टार द्या ना, मॅडम!

वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप बदलून झाला, पैसे हातात पडले आणि दारातच टेक्निशियन मोबाइल पुढे करतो, ‘मॅडम, फाइव्ह स्टार द्या ना!’ समोरच्याला नाही म्हणवत नाही. पण पाणी नीट निघतंय का, खालून गळतंय का, हे दोन-तीन वेळा कपडे धुतल्याशिवाय कळायचं कसं?

म्हणून मागणी दोन दिवसांनी, व्हॉट्सअ‍ॅपवर करावी. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये रिव्ह्यू मागण्यासाठी दुकानाची स्वतःची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. ‘नमस्कार, मंगळवारी तुमच्या मशीनचा ड्रेन पंप बदलला. आता पाणी नीट जातंय ना? अडचण असेल तर याच नंबरवर कळवा. वेळ मिळाला तर आलेला अनुभव, चांगला-वाईट जसा असेल तसा, या लिंकवर लिहा.’ एवढं पुरे. उत्तर आलं नाही तर फार तर एकदा आठवण करावी.

हा मेसेज सगळ्यांना जायला हवा. खूश गिऱ्हाइकांनाच लिंक पाठवणं आणि कुरकुर करणाऱ्यांना गुपचूप वगळणं गूगलच्या नियमांत बसत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात व्हिजिट चार्जमध्ये सूट देणंही नाही. भारतीय मानक ब्युरोनेही ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं. त्याचाही रोख बनावट आणि विकत घेतलेल्या रिव्ह्यूंवर आहे.

खरी कसोटी उत्तरात लागते. नुसतेच तारे मिळाले असतील तर एका ओळीचे आभार चालतात. पण समजा कोणी एक तारा देऊन लिहिलं, ‘पंप बदलला, पैसे घेतले, दोन दिवसांत पुन्हा गळती.’ इथे ‘तुम्हीच मशीन ओव्हरलोड केलं असेल’ असं लिहिणारा मालक आपलंच गिऱ्हाईक घालवतो, कारण ते उत्तर पुढचे सगळे वाचतात. त्यापेक्षा, ‘गळतीबद्दल दिलगीर आहोत. पंपाजवळचा होजक्लिप सैल राहिला असण्याची शक्यता आहे. पुन्हा येऊन तपासतो, या तपासणीचा चार्ज नाही. कृपया दुकानात फोन करा.’ गिऱ्हाइकाचा नंबर, पत्ता किंवा बिलाचा तपशील मात्र उत्तरात लिहायचा नाही.

नाव ओळखीचं नसलं तरी लगेच ‘खोटा रिव्ह्यू’ म्हणू नये. बुकिंग नवऱ्याच्या नावावर आणि रिव्ह्यू बायकोच्या खात्यातून, असं घरोघरी होतं. ‘या नावाने नोंद सापडत नाही, बिल नंबर फोनवर सांगाल का?’ असं विचारलं की काम भागतं.

गळती थांबल्यावर गिऱ्हाईक स्वतःचा रिव्ह्यू बदलू शकतं, पण त्यासाठी मागे लागू नये. मालकाला तो पुसता येत नाही. नियमबाह्य मजकुराची तक्रार गूगलकडे करता येते, मात्र नुसती नाराजी त्यात मोडत नाही. उलट बनावट रिव्ह्यू सापडले तर गूगल त्या दुकानाला काही काळ नवे रिव्ह्यू घेणं बंद करू शकतं आणि प्रोफाइलवर तशी सूचनाही लावू शकतं.