अर्धे सभागृहात, अर्धे मोबाइलवर : कापड-परीक्षेचे व्याख्यान कसे बसवावे

२०२० च्या टाळेबंदीनंतर आमच्या व्यापारी मंडळांच्या बैठकांचे रूप पालटले. भिवंडीच्या सभागृहात तीस-पस्तीस माणसे बसलेली असतात आणि मालेगाव, इचलकरंजी, सुरतकडचे तितकेच लोक मोबाइलवर असतात. खर्च वाचतो, माणसे वाढतात, हे ठीक. पण तकरीर मात्र जुन्याच पद्धतीची होते. वक्ता समोरच्यांशी बोलतो आणि बाहेरगावचा व्यापारी चोरून ऐकणाऱ्यासारखा एका कोपऱ्यात पडून राहतो. दहाव्या मिनिटाला तो दुसऱ्या कामाला लागतो. त्यात त्याचा दोष आहे असे आम्हाला वाटत नाही.

आमच्या धंद्यातले एकच उदाहरण घेऊ. विषय आहे कोऱ्या कापडाची परीक्षा, म्हणजे पीक मोजून माल ओळखणे. जुन्या रिवाजात टेबलावर दोन तागे ठेवले जात. वक्ता अर्धा तास सूत, फणी, ताणा-बाणा समजावी, मग सर्वांना पुढे बोलावी. तुकडे हातोहात फिरत, कोणी काच लावून धागे मोजी, कोणी चिमटीत धरून चोळून पाही, आणि शेवटी फळ्यावर हिशेब होई. सभागृहात बसलेल्यासाठी ही पद्धत उत्तम होती. बाहेरगावच्याला मात्र त्या दहा मिनिटांत फक्त पाठी दिसतात आणि गलका ऐकू येतो. लेझरचा लाल ठिपका त्याच्या पडद्यावर उमटत नाही आणि फळ्यावरचे आकडे वाचता येत नाहीत.

पुष्कळ मंडळी यावर चांगला कॅमेरा आणतात. त्याने काम भागत नाही, कारण कापड ही कॅमेऱ्याला न मानवणारी वस्तू आहे. बारीक विणीवर कॅमेरा रोखला की पडद्यावर लाटांसारखे पट्टे नाचू लागतात. ते कापडात नसतात, धाग्यांची जाळी आणि कॅमेऱ्याची जाळी एकमेकींवर आल्याने दिसतात. शिवाय चित्र पाठवताना बारीक तपशील पुसला जातो, म्हणून ६८ पीक आणि ६४ पीक पडद्यावर सारखेच दिसतात. म्हणून कापड दाखवण्याचा नाद सोडून ते प्रत्येकाच्या हातात पोचवावे.

त्यासाठी आठ दिवस आधी प्रत्येक बाहेरगावच्या सभासदाला एक पाकीट पाठवावे. आत चार इंच चौरसाचे दोन तुकडे, जाड कागदावर एका कडेने टाचलेले, वर क्रमांक १ आणि २. दोन्ही ३० नंबर सुताचे, ताण्याचे धागे इंचाला ७६. एकात पीक ६८, दुसऱ्यात ६४. कोणता कोणता ते लिहू नये. सोबत एक टाचणी आणि ज्याच्याकडे नसेल त्याच्यासाठी एक इंची काच. एक गोष्ट मात्र विसरू नये. तुकड्याला किनार नसते, म्हणून ताणा कुठल्या दिशेने जातो हा बाण कागदावर काढलाच पाहिजे. बाण नसेल तर निम्मे लोक बाण्याऐवजी ताणा मोजतील. सभागृहातल्यांनाही हेच पाकीट द्यावे, तागे देऊ नयेत. त्यांच्या हाती जास्त आणि दूरच्यांच्या हाती कमी असे झाले, की तिथेच दोन बैठका होतात.

आता क्रम बदलावा. व्याख्यान मागे, मोजणी पुढे. सलाम-दुआ आणि दोन वाक्यांत विषय सांगून वक्त्याने पाचव्या मिनिटाला म्हणावे, ‘पाकीट उघडा, तुकडा क्रमांक १ घ्या, काच ठेवा, बाणाच्या दिशेवर आडवे येणारे धागे टाचणीने मोजा. तीन जागी मोजा.’ सात मिनिटे सगळे गप्प. वक्त्यानेही बोलू नये, फक्त दर दोन मिनिटांनी किती वेळ उरला ते सांगावे, म्हणजे दूरच्यांना संपर्क तुटला असे वाटत नाही. मग दूरच्यांनी आपला आकडा संदेशात लिहावा आणि सभागृहातल्यांचा आकडा एका माणसाने तिथेच टाइप करावा. सगळे आकडे एकाच यादीत येतात आणि कोण कुठे बसला आहे याला महत्त्व उरत नाही.

ही यादीच वक्त्याचे खरे साहित्य आहे. समोरच्याचे तोंड पाहून तो समजला की नाही हे कळते, दूरच्याचे तोंड दिसत नाही, आकडा दिसतो. ६७, ६८, ६९ आले तर मोजणी बरोबर, कारण एखादा धागा इकडेतिकडे होतोच. कोणी ७६ लिहिले तर त्याने बाण उलटा धरून ताणा मोजला. कोणी ३४ च्या आसपास लिहिले तर अर्ध्या इंचाच्या काचेने मोजून दुप्पट करायचे राहिले. आणि एकच माणूस ६२, ६८, ७३ असे तीन आकडे देत असेल तर त्याचा तुकडा ओढला जात आहे, तो सपाट ठेवायला सांगावे. अशी चूक नाव न घेता दुरुस्त करावी, भर बैठकीत कोणाची शोभा करू नये.

यानंतर हिशेब सांगितला की लोक कान देतात. ६८ ऐवजी ६४ पीक म्हणजे बाण्याचे सूत सुमारे सहा टक्के कमी. एक मीटर पन्ह्याच्या दहा हजार मीटर मालात ३० नंबरचे सुमारे ३१ किलो सूत कमी जाते, धाग्याच्या वळणाची घट न धरता. आकडे फळ्यावर न लिहिता पडद्यावर टाइप करावेत आणि बाहेरची कोणतीही खूण माऊसच्या बाणाने दाखवावी.

एवढे केल्यावर एका तासात चार विषय बसत नाहीत, दोनच बसतात. मालाची घडी, डाग, तुटके धागे हे मुद्दे छापील कागदावर पाकिटातच घालावेत. वक्त्याला हे आवडत नाही, पण आमच्या मते दोन विषय हातात राहणे चार कानावरून जाण्यापेक्षा बरे.

आवाजाची बाब थोडक्यात. सभागृहात मायक्रोफोन एकच आणि लाऊडस्पीकर एकच चालू असावा. कोणी आपला मोबाइल आवाजासकट उघडला की कान फाटेल अशी शिटी सुरू होते. समोरच्याने विचारलेला प्रश्न वक्त्याने माइकवर पुन्हा सांगूनच उत्तर द्यावे. प्रश्नांना आधी दूरच्यांपासून सुरुवात करावी आणि विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजावे. आवाज पोचायला आणि माणसाला बटण दाबायला तेवढा वेळ लागतोच. समोरचे लोक आधी बोलू लागले, की दूरचे लोक मग बोलतच नाहीत. मालेगावचे सभासद असतील तर जुमा सोईचा, त्या दिवशी माग बंद असल्याने मागचा खडखडाट येत नाही. वेळ मात्र नमाजनंतरची ठेवावी.

दोन गोष्टी या पद्धतीनेही होत नाहीत. रंगाची जुळणी पडद्यावर करूच नये, प्रत्येक मोबाइलचा उजेड आणि रंग निराळा असतो, त्यावरून डाईंगचा माल पास करणारा पस्तावतो. आणि खळ लावलेल्या मालाचा हात एका तुकड्यावरून कळत नाही. त्यासाठी पाकिटात तिसरा, धुतलेला तुकडा घालता येतो. धुतल्यावर खळ निघते आणि कमी पिकाचे कापड बोटांना लगेच विरळ लागते.